अक्कांचा हात, दुकानाचा हात

कापडाच्या मागणीच्या कागदावर लांबीसाठी एकच रकाना असतो आणि त्याच्या डोक्यावर ‘मीटर’ असं छापलेलं असतं. आत्याच्या भजनी मंडळातल्या बायकांनी मात्र आपापली मापं सांगितली ती हातांत. कुणी अठरा हात, कुणी सोळा हात. सगळ्यांना सारख्या रंगाची, बारीक काठाची सुती लुगडी हवी होती. आषाढात दिंडीत आणि एरवी एकादशीच्या भजनाला नेसता येतील अशी. इचलकरंजीच्या एका व्यापाऱ्याकडं तसं कापड ताग्यात मिळत होतं आणि मागणीचा कागद भरायचं काम माझ्याकडं आलं. अकरा बायका, अकरा लुगडी. गुणाकार करायचा आणि आकडा लिहून टाकायचा, इतकंच ते काम दिसत होतं.

गुणाकार खरोखरच सोपा आहे. बाजारात हात म्हणजे १८ इंच. दोन हातांचा एक वार, म्हणजे ३६ इंच. १ वार म्हणजे ०.९१४४ मीटर, हे १९५९ पासून जगभर ठरून गेलेलं आहे. त्याच्या निम्मं केलं की एका हाताचे ४५.७२ सेंटिमीटर होतात. अठरा हात म्हणजे नऊ वार, म्हणजेच ८.२३ मीटर. सोळा हात म्हणजे आठ वार, ७.३२ मीटर. शहरात जिला आपण सहावारी म्हणतो ती बारा हातांची. बंगालमध्ये आजही साडीला ‘बारो हात’ म्हणतात, आपण सहावारी म्हणतो आणि दुकानातल्या वेष्टनावर ५.५ मीटर छापलेलं असतं. तिन्ही ठिकाणी कापड तेवढंच, कारण बारा हातांचे बरोबर ५.४९ मीटर होतात. हल्ली वेष्टनावर कुठं ६.३ मीटर दिसतं, तिथं ब्लाउजपीस धरलेला असतो. जुन्या लुगड्याच्या मापात चोळीचा हिशेब कधीच नसे. खण वेगळा घ्यायचा.

कागदाविना हिशेब करायचा तर माझ्या वडिलांची एक रीत फार उपयोगी पडते. ते कापडदुकानात हिशेबनीस होते. हातांचा आकडा निम्मा करायचा आणि त्यातून त्याचा बारावा भाग काढून टाकायचा. अठराचे निम्मे नऊ, नवाचा बारावा भाग पाऊण, उरले सव्वाआठ. बाराचे निम्मे सहा, त्यातून अर्धा गेला, उरले साडेपाच. खरं उत्तर ह्याहून एकदोन सेंटिमीटरच कमी असतं, आणि कापडाच्या बाबतीत चूक व्हायचीच असेल तर ती जास्तीच्या बाजूला झालेली बरी. ह्याच रीतीला उलटं धरलं की लक्षात राहायला आणखी सोपं: चोवीस हात म्हणजे अकरा मीटर.

ह्या रीतीचं महत्त्व कळतं ते लोक तिच्याऐवजी काय करतात ते पाहिल्यावर. सर्रास केली जाणारी गोष्ट म्हणजे हात अर्धा मीटर धरणं. तोंडी हिशेबाला ते गोड वाटतं, अठरा हात म्हणजे नऊ मीटर. एका लुगड्यामागं पाऊण मीटर जादा. आमच्या अकरा लुगड्यांना त्या हिशेबानं ९५ मीटर कापड लागलं असतं, म्हणजे जवळजवळ एका अख्ख्या लुगड्याचे पैसे वाया. दुसरी गोष्ट जरा सूक्ष्म आहे. ४५.७२ हा आकडा अवघड वाटतो म्हणून माणूस आधीच ४५ धरतो आणि मग गुणतो. एका हातामागं पाऊण सेंटिमीटरच सोडला, असं त्याला वाटतं. पण अठरा वेळा सोडलेला तो तुकडा १३ सेंटिमीटर होतो. आकडा पूर्ण करायचा तो सगळ्यात शेवटी, एकदाच, आणि वरच्या बाजूला.

एवढ्यावर काम संपलं असतं. पण बायकांची मापं लिहून घेताना मंडळातल्या सगळ्यात वयस्क बाईंनी, ज्यांना गाव अक्का म्हणतं, एक वाक्य टाकलं आणि माझा सगळा हिशेब थांबला. “सोळा हात लिवा, पर माज्या हातानं,” त्या म्हणाल्या. आत्या हसून म्हणाली, “अहो अक्का, हात तो हातच की.” त्यावर अक्कांनी आपला डावा हात कोपरातून वाकवून पुढं धरला. “दुकानदाराचा हात माज्या अंगाला येतोय व्हय?”

अक्का उंचीनं कमी, अंगानं सडपातळ. कोपराच्या हाडापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत मी टेप लावली. ४२.५ सेंटिमीटर भरले. बाजारचा हात त्यांच्या हातापेक्षा ३ सेंटिमीटरांहून जास्त लांब होता. सोळा पट केल्यावर हा फरक अर्ध्या मीटरवर जातो. त्यांच्या सोळा हातांचे ६.८० मीटर होतात, बाजारच्या सोळा हातांचे ७.३२. म्हणजे एकाच आकड्याची दोन मापं मंडळात फिरत होती आणि मागणीच्या कागदाला ते कळायचा काही मार्ग नव्हता.

हे दोन हात आजचे नाहीत. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात हाताचं माप २४ अंगुळांचं दिलं आहे, आणि त्याच्याच शेजारी सुतारकामासाठी आणि रानाच्या मोजणीसाठी वेगळे, अधिक लांबीचे हात सांगितले आहेत. काम बदललं की हात बदलायचा, हे तेव्हाही सगळ्यांना ठाऊक होतं. पुढं इंग्रजी अमलात कापडाच्या पेठेत वार आला, दुकानात लोखंडी गज आला, आणि हाताचं माप त्या गजाच्या निम्म्यावर पक्कं झालं. १९५६ साली भारतात वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून मेट्रिक मापं अमलात येऊ लागली. दुकानातला गज बदलून मीटरची पट्टी आली. पण नऊवारी ही नऊवारीच राहिली, आणि घराच्या आतला हात तर कुठल्याच कायद्याच्या कक्षेत नव्हता. तो बाईच्या अंगावर होता.

त्या अंगावरच्या हाताला एक शहाणपण आहे, ते मला अक्कांनी शिकवलं. उंच बाईचा हात लांब असतो, ठेंगण्या बाईचा आखूड. जिनं स्वतःच्या हातानं सोळा मोजले, तिला तिच्या अंगाच्या प्रमाणात कापड आपोआप मिळतं. शिंपी जे टेपनं करतो ते ती कोपरानं करते. बाजारचा हात सगळ्यांना सारखं कापड देतो, आणि मग ज्या बाईचं अंग त्या मापात बसत नाही तिला ते नेसताना भोगावं लागतं.

ते भोगणं कुठं दिसतं, तेही अक्कांनी नेसून दाखवलं. लुगडं कमरेला वळसा घेतं, पुढं गाठ बसते, निऱ्या पडतात, काष्टा दोन पायांमधून मागं खोचला जातो आणि उरलेलं कापड पदर होऊन खांद्यावरून डोक्यावर येतं. वळसा आणि काष्टा ह्यांना लागणारं कापड बाईच्या अंगावर ठरतं, त्यात फार मागंपुढं होत नाही. पदर किती हवा हेही ठरलेलं असतं. त्यामुळं जास्तीचं कापड सगळं निऱ्यांत जातं. निऱ्या वाढल्या की कमरेशी बोळा होतो, ओचा फुगतो, आणि बाई मांडी घालून तासभर टाळ वाजवायला बसली की तो बोळा पोटात रुततो. उलट कापड कमी पडलं तर बाई आधी निऱ्या कमी करते, मग काष्टा ताणून बसतो, आणि तरीही भागलं नाही तर पदर डोक्यावर टिकत नाही. भजनाला उठबस खूप. उभं राहून गजर, मग खाली बसून अभंग. ताणलेला काष्टा पहिल्या उठण्यातच सुटतो. म्हणून अर्धा मीटर ही आमच्या कामात लहान गोष्ट नव्हती.

मग मी बायकांना एकेकीला विचारलं, तुमचे अठरा कुणाच्या हातानं? ह्या प्रश्नाचं उत्तर बहुतेकींना देता येईना, कारण ‘अठरा हात’ हे त्यांनी मोजलेलं नव्हतं, ऐकलेलं होतं. दुकानात नऊवारी म्हणून घ्यायचं, घरी सासूनं त्याला अठरा हात म्हणायचं. तेव्हा विचारण्यापेक्षा मोजणं बरं, असं ठरवून मी प्रत्येकीला तिचं अंगावर नीट बसणारं, वापरातलं, धुतलेलं लुगडं आणायला सांगितलं. देवळाच्या सभामंडपातल्या फरशीवर ते पसरायचं, सुरकुत्या तळव्यानं सारख्या करायच्या, पण ओढायचं नाही, आणि टेप कापडाच्या मधून लावायची, काठावरून नाही. काठाची वीण घट्ट असते. धुतल्यावर तो पुष्कळदा मधल्या अंगापेक्षा वेगळा आटतो, त्यामुळं काठावरून घेतलेलं माप फसवतं. आणि दोघींनी दोन टोकं धरून ताणलेलं माप तर घेऊच नये. सुती कापड ताणलं की बोटबोट देतं, सोडलं की परत घेतं.

ह्या मोजणीत एक कोडं समोर आलं. नऊवारी म्हणून घेतलेली लुगडी ८.२३ भरायला हवी होती. आत्याचं भरलं ७.९१. इतर सहाजणींची त्याच्या आसपास. कुणी म्हणालं, दुकानदारानं कमी दिलं. कुणी म्हणालं, हात ४४ सेंटिमीटरचाच असणार, कारण ७.९१ ला १८ नी भागलं तर तेवढाच येतो. दोन्ही तर्क चुकीचे होते. कापड आटलं होतं, बाकी काही नाही.

कोरं सुती कापड मागावर ताणलेलं असतं. ताण्याचे धागे विणताना खेचून धरावे लागतात, मग खळ लागते, इस्त्रीत ते पुन्हा लांब होतं. पहिल्यांदा पाण्यात पडल्यावर धागा फुगतो, वीण आपल्या जागी बसते आणि लांबी कमी होते. कारखान्यात आधीच आटवून न घेतलेल्या कापडात हे शेकडा तीनचार, कधी त्याहून जास्त होतं. आटणं किती हे अंदाजानं धरायचं कारण नाही, घरी बघता येतं. व्यापाऱ्याकडून नमुन्याचा तुकडा मागवला. त्याच्यावर उभ्या अंगानं ५० सेंटिमीटर अंतरावर दोन खुणा रंगीत दोऱ्यानं घातल्या. पेननं घातल्या तर पाण्यात जातात. तुकडा रात्रभर पाण्यात ठेवला, न पिळता निथळला, सावलीत सपाट वाळवला आणि पुन्हा मोजला. ४८ भरले. दुसऱ्यांदा तसंच केलं, त्यात आणखी काही कमी झालं नाही. म्हणजे शेकडा ४. ८.२३ मधून शेकडा ४ गेले की ७.९० उरतात. आत्याच्या लुगड्याचं कोडं सुटलं.

आणि त्याबरोबर दुसरी एक गोष्ट उलगडली, जी माझ्या मते ह्या सगळ्या हिशेबाचा गाभा आहे. दुकानाचा हात कोऱ्या कापडाचा असतो. घरचा हात धुतलेल्या कापडाचा. दुकानदार जेव्हा अठरा हात म्हणतो तेव्हा धुतल्यावर ते कमी होणार हे त्यात गृहीत आहे, आणि बायकांच्या अंगाला सवय आहे ती त्या कमी झालेल्या लांबीची. अक्का जेव्हा सोळा हात म्हणतात तेव्हा त्यांनी दोरीवरून काढलेलं, वाळलेलं, आपल्याला नेमकं येणारं लुगडं कोपरानं मोजलेलं असतं. दोघांचे आकडे मीटरमध्ये नेताना एकाच्यात आटणीची भर घालायची नाही आणि दुसऱ्याच्यात घालायची. हे ध्यानात न घेता सगळ्यांनाच आटणीची भर घातली तर आत्याला ८.५७ मीटरचं लुगडं मिळेल आणि धुतल्यावरही ते तिच्या नेहमीच्या लुगड्यापेक्षा ३२ सेंटिमीटर जास्त राहील. आणि अक्कांना काहीच न वाढवता ६.८० दिलं तर पहिल्या धुण्यानंतर ते साडेसहा मीटर उरेल. त्यांच्या हातानं पुरते साडेपंधराही नाहीत. तेव्हा त्यांचा पदर कुठं जाईल?

भर घालतानाही एक जपायचं असतं. धुतल्यावर ६.८० हवे असतील तर ६.८० चे शेकडा ४ काढून मिळवणं हा बरोबर हिशेब नाही, कारण आटणी कोऱ्या लांबीवर होते, उरलेल्या लांबीवर नाही. ६.८० ला ०.९६ नी भागायचं. ७.०८ येतात. आटणी कमी असताना दोन्हींत फरक नगण्य पडतो, पण कापड शेकडा आठदहा आटणारं असलं तर तो दिसायला लागतो, म्हणून भागायची सवय बरी. शिवाय ताग्यातून फाडलेलं टोक क्वचितच काटकोनात येतं. ते सरळ करून दुमडून शिवायला दोन्ही बाजू मिळून मी ७ सेंटिमीटर धरले. अक्कांचं माप झालं ७.१५ मीटर.

उरलेल्यांपैकी सातजणींच्या लुगड्यांनी त्या दुकानाच्या अठरा हातांच्या असल्याचं सिद्ध केलंच होतं. ८.२३ मध्ये तेच ७ सेंटिमीटर घातले, ८.३० झाले. तिघी सोळा हातांच्या, आणि त्यांची धुतलेली लुगडी ७ मीटरच्या जवळ भरत होती, म्हणजे त्यांचाही हात दुकानाचाच. ७.३२ मध्ये ७ मिळवून ७.३९, ते मी ७.४० केले. गंमत अशी की अक्कांच्या आणि ह्या तिघींच्या मापात सुरुवातीला अर्ध्या मीटरचं अंतर होतं, ते कोऱ्या कापडावर आणल्यावर पाव मीटरच राहिलं. हातांच्या लांबीचा फरक खरा होता, पण त्यातला निम्मा आटणीनं भरून काढला.

बेरीज अशी झाली: सात लुगड्यांचे ५८.१० मीटर, तिघींचे २२.२०, अक्कांचे ७.१५. एकूण ८७.४५ मीटर. अर्धा मीटर म्हणजे हात धरून आलेल्या ९५ पेक्षा साडेसात मीटर कमी.

पण ही बेरीज मागणीच्या कागदावर तशीच लिहून चालत नाही, कारण कापड बेरजेत मिळत नाही, ताग्यात मिळतं. व्यापाऱ्याकडचा तागा ५० मीटरचा होता. दोन तागे घ्यावेच लागणार. आता प्रश्न, कुठलं लुगडं कुठल्या ताग्यातून काढायचं. लुगड्याला मध्येच जोड चालत नाही, तेव्हा प्रत्येक तागा अख्ख्या लुगड्यांनीच संपला पाहिजे. पहिल्यांदा सुचतं ते असं की एका ताग्यातून ८.३० ची सहा काढावीत. ४९.८० होतात, कागदावर देखणं दिसतं, वीस सेंटिमीटरच उरतात. पण पन्नास म्हणून आलेला तागा ४९.७० भरला, किंवा मध्येच कुठं तुटका धागा, तेलाचा डाग निघाला, तर सहावं लुगडं गेलं. म्हणून मी पहिल्या ताग्यातून ८.३० ची पाच आणि अक्कांचं ७.१५ असं काढलं, बेरीज ४८.६५. सव्वा मीटरहून जास्त मोकळं राहिलं. दुसऱ्या ताग्यातून ८.३० ची दोन आणि ७.४० ची तीन, म्हणजे ३८.८०. उरलेलं सगळं कापड एकाच ताग्यावर, एका तुकड्यात राहिलं. ११.२० मीटर. त्यातून मंडळात नवी बाई आली तर तिचं एक अख्खं लुगडं निघतं. तेच उरलेलं कापड दोन्ही ताग्यांवर विभागलं गेलं असतं तर कदाचित चिंध्यांच्या उपयोगाचं राहिलं असतं.

इथं एक सांगायला हवं. ही मोकळीक आम्हाला मिळाली ती कापड बिनपदराचं, सलग काठाचं होतं म्हणून. पदर विणलेलं लुगडं असतं तर लांबी मागावरच ठरलेली असते आणि आपण हवं तिथं कापू शकत नाही. इरकल त्याचं उत्तम उदाहरण. कर्नाटकातल्या इळकल गावची ही साडी महाराष्ट्रात पिढ्यान्पिढ्या नेसली जाते. तिच्यात अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा रेशमी ताणा वेगळा लावतात, आणि दोन्ही एकमेकांत फासे घालून जोडतात. त्या जोडणीला टोप-तेणी म्हणतात. विणकर ताणा लावतानाच सहा, आठ किंवा नऊ वारांचा लावतो. ताणा मागावर चढला की मग कुणाच्या हाताचं काही चालत नाही. तशी साडी मागवायची असेल तर अक्कांच्या हाताचा प्रश्न सूत मागावर जाण्याच्या आधी विचारावा लागतो, आणि विणकराला मीटरमध्ये, कोऱ्या कापडाच्या मापात सांगावा लागतो.

मागणीच्या कागदावर शेवटी मी काय लिहिलं तेही सांगते, कारण नुसता मीटरचा आकडा पुरत नाही. लांबीच्या रकान्यात ‘दोन तागे, प्रत्येकी किमान ५० मीटर, न ताणता मोजलेले’ असं लिहिलं. हात फक्त लांबी सांगतो, पन्हा सांगत नाही, म्हणून पन्हा वेगळा लिहिला, ४८ इंच. पन्हाही धुण्यात थोडा आटतो. अरुंद पन्ह्याचं लुगडं उंच बाईला घोट्याच्या वर राहतं आणि मग ती लांबी वाढवून मागते, पण लांबी वाढवून उंची मिळत नाही. एक वाक्य घडीबद्दल लिहिलं. तागा मोजायची दुकानांतली रीत म्हणजे घड्या मोजणं, पन्नास घड्या म्हणजे पन्नास. घडी मीटरची आहे की वाराची, हे विचारलेलं नसेल तर शंभर घड्यांमागं साडेआठ मीटरांचा फरक पडू शकतो, आणि तो बिलात दिसत नाही. तागा हातात आला की वरची, मधली आणि खालची अशा तीन घड्यांवर टेप ठेवून बघायची. आमच्या घड्या मीटरच्या निघाल्या. पहिला तागा ५०.१५ भरला, दुसरा ४९.८५.

त्या ४९.८५ मधून सहा लुगडी काढायची ठरवली असती तर हाती पाच सेंटिमीटर राहिले असते, आणि त्याच ताग्याच्या साधारण विसाव्या मीटरवर एक आडवा दोष होता, बोटभर रुंद, जिथं बाणा सुटलेला. मांडणी सैल ठेवल्यामुळं तो भाग दोन लुगड्यांच्या मधोमध येईल असं फाडता आलं. उरलेल्या तुकड्यातलं वीतभर कापड त्यात गेलं, एवढंच.

लुगडी वाटण्याआधी मी अक्कांचं तेवढं एक पाण्यातून काढलं. बाकीच्यांचं माप नेहमीचं होतं, त्यांना काही शंका नव्हती. अक्कांचं माप नवं होतं. टोकं शिवून, धुऊन, वाळवून फरशीवर पसरलं तेव्हा टेपवर ६.८१ आलं. टेपचा आकडा अक्कांनी ऐकून घेतला आणि तरी खाली बसून डाव्या कोपरानं स्वतः मोजायला घेतलं. सोळा भरले, वर नखभर. “आता ह्याच मापानं लिवून ठेवा,” त्या आत्याला म्हणाल्या, “पुढच्या बारीला इचारत बसू नगा.” आत्यानं मंडळाच्या वहीत अकराही नावांपुढं तीन रकाने आखले: किती हात, कुणाच्या हातानं, आणि कोऱ्या कापडाचे मीटर.